‘संपलं’चा डबा

आज सहा वर्षांच्या एका ऑटिस्टिक मुलाचा तास घेतला. तासात काय-काय करायचं ते क्रमाने दाखवणारी, पट्टीवर वेल्क्रोने चिकटवलेली चारच चित्रकार्डं: ठोकळे, मोजणी, झोका, घरी. तास गेल्या आठवड्यासारखाच, पण तेव्हा ठोकळ्यांवरून मोजणीकडे जाताना त्याने कान झाकून टेबलाखाली बस्तान मांडलं होतं. मी समजले, मोजणी नकोय. एकदा टेबलाशी आला की मात्र आनंदाने मोजायचा! मग अडतंय कुठे?

अडत होतं ते मधल्या दोन मिनिटांत. माझा टायमर वाजायचा आणि मी कार्ड काढून टाकायचे. आवडीची गोष्ट गेली, एवढंच त्याला कळायचं. पुढे काय, कुठे, ते नाही.

आज टायमर बंदच ठेवला. ठोकळे मोजून आठ दिले आणि शेजारी रिकामा डबा. खेळून झालेला ठोकळा डब्यात. ठोकळे कमी होताना दिसतात, म्हणजे शेवट अंगावर येत नाही. आठवा टाकल्यावर ठोकळ्यांचं कार्ड त्यानेच ‘संपलं’च्या खिशात घातलं. मोजणीचं कार्ड हातात दिलं. तसंच चित्र टेबलावर चिकटवलेलं होतं. तो चालत गेला आणि कार्ड त्यावर ठेवलं. मी एक शब्द बोलले नाही. (हे मला फार जड गेलं.)

सातव्या ठोकळ्याला मात्र तो बराच वेळ थांबला, दोन ठोकळे डब्यातून परतही काढले. मी वाट बघत थांबले. उद्या सहाच देऊन बघते.