शंभर की एकशे सहा?

कापसाच्या हंगामात हिंगणघाटकडच्या आमच्या टायरच्या दुकानात गिऱ्हाईक येण्याआधी फोटो येतो. तोही संध्याकाळचा, चिखलासकट. ओळखीच्या एका पिकअपवाल्यानं असाच पाठवला. "काका, मागं नवी जोडी टाकली. साइज तेच हाय. पण गाडी गरम वास मारते."

साइज खरंच तेच होतं, `215/75 R15`. म्हणजे रुंदी २१५ मिलिमीटर, उंची त्याच्या ७५ टक्के, रिंग १५ इंची. बहुतेक लोक आणि दुर्दैवानं बरेच विकणारेही इथंच वाचन थांबवतात. पुढचा आकडा पुसट होता. १०० की १०६, काही केल्या ठरेना, आणि सगळी भानगड त्याच आकड्यात होती. भारांकाच्या तक्त्यात १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०६ म्हणजे ९५०.

त्याला म्हटलं, ओल्या फडक्यानं पूस, अक्षरांवर खडू घास आणि टॉर्च समोरून नको, कडेनं धर. काळ्यावर काळी अक्षरं तशीच उठतात. दुसऱ्या फोटोत `100S` स्पष्ट दिसलं. शंका पहिल्याच फोटोत आली होती, कारण आकड्यानंतर तिरपी रेघ नव्हती. या मापाच्या मालवाहू टायरवर `106/103` सारखी जोडी असते. पहिला आकडा एकेरी चाकाचा, दुसरा जोडचाकाचा. शिवाय खाली बारीक अक्षरांत `MAX LOAD 800 KG` होतंच. ते एक वाचलं तरी तक्ता लागत नाही.

"पण काका, एस म्हणजे एकशे ऐंशीची स्पीड. जुन्यावर क्यू होतं, एकशे साठ. मंग हे भारीच झालं ना?" विकणाऱ्यानं त्याला हेच पटवलं होतं. अरे बाबा, ते अक्षर वेगाचं, वजनाचं नव्हे! हे टायर प्रवासी गाडीचं.

दुसऱ्या दिवशी भरल्या गाडीची फक्त मागची चाकं काट्यावर घ्यायला लावली. १,८२० किलो. म्हणजे एका चाकावर ९१० आणि टायरची ताकद ८००. वर यानं जुन्या सवयीनं ६० पाउंड हवा मारलेली. या टायरवर कमाल हवा ४४ लिहिली होती, आणि जास्त हवेनं त्याचे ८०० काही वाढत नाहीत. जादा वजनानं साइडवॉल जास्त वाकते, तापते, वास त्याचाच.

मागं मालवाहू जोडी बसवली. काढलेली जोडी तो म्हणाला, पुढं टाकतो. पुढच्या धुऱ्यावर वजन कमी, हिशेबात बसतंय, मी नाही म्हणू शकलो नाही. पण रात्री भरल्या गाडीचं मागचं चाक पंक्चर झालं, की हा पुढचंच काढून मागं लावणार, कारण स्टेपनी त्याची कधीचीच टक्कल पडलेली आहे.