गच्ची गळत नव्हती

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात रत्नागिरीहून एका सर्जनचा फोन आला. छोटं, दहा-बारा खाटांचं हॉस्पिटल. "ऑपरेशन टेबलावर पाणी पडतंय. आज एका पेशंटच्या निर्जंतुक चादरीवर थेंब पडला. सगळं आवरून दुसऱ्या खोलीत ऑपरेशन पुरं करावं लागलं. गच्चीचं वॉटरप्रूफिंग मे महिन्यातच करून घेतलंय. आता तुम्हीच या."

मी वातानुकूलनाची कामं करतो, कोकणपट्टीत बावीस वर्षं झाली. पावसाळ्यात छतातून पाणी पडलं की लोक आधी गच्चीवर जातात, त्यात त्यांचं काही चुकत नाही. पण हे पाणी कधी पडतं, ते मला आधी कळायला हवं होतं. तिथे पोचल्यावर पहिला प्रश्न ऑपरेशन थिएटरमधल्या, म्हणजे ओटीतल्या सिस्टरना विचारला. त्या म्हणाल्या, "रात्रभर पाऊस कोसळला तरी सकाळी छत कोरडं असतं. एसी लावला की अर्ध्या तासात सुरू होतं." एवढ्यावर गच्ची सुटली. एसीच्या तालावर पडणारं पाणी पावसाचं नसतं, ते खोलीतल्या हवेतूनच निघालेलं असतं.

मी शिडीवर चढून पाहिलं. हवा आत सोडणाऱ्या ॲल्युमिनियमच्या ग्रिलच्या प्रत्येक पट्टीवर खालच्या कडेने बारीक थेंबांची रांग लागली होती. शेजारचे दोन थेंब एक झाले की जड होऊन सुटत. मी खाली हॉस्पिटलच्या मामांना म्हटलं, कॉम्प्रेसर बंद झाला की मला सांगा. ते बाहेरच्या युनिटपाशी उभे राहिले. "बंद झाला, साहेब!" अशी हाक आल्यावर चार-पाच मिनिटांत थेंब वाढायचे थांबले. पंखा चालूच होता.

ग्रिलचं तापमान बघायला इन्फ्रारेड बंदूक रोखली तर १८ अंश दिसले. चकचकीत ॲल्युमिनियमवर ही बंदूक फसते, कारण धातू आरशासारखा खोलीचीच उष्णता परत फेकतो. म्हणून पट्टी पुसून काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला, दोन मिनिटं थांबलो आणि कॉम्प्रेसर चालू असताना परत मोजलं. १३ अंश.

आता खोलीची हवा. भिंतीवरचं डिजिटल मीटर ८३ टक्के आर्द्रता दाखवत होतं. ओटीत ती ६० च्या आत हवी. डॉक्टर म्हणाले, "म्हणूनच परवा मी सेटिंग २४ वरून २० वर आणलं. दमट वाटत होतं. पण आर्द्रता उलट वाढली, ६५ वरून ८३ वर!" हा आकडा लोकांना फार चकवतो, म्हणून त्यांना तिथेच बसवून समजावलं.

माझ्याकडे जुना फिरवायचा सायक्रोमीटर आहे. एका चौकटीत दोन थर्मामीटर, त्यातल्या एकाच्या बल्बवर सुती कापडाची वात. वात डिस्टिल्ड पाण्यात भिजवायची आणि मिनिटभर खुळखुळ्यासारखी चौकट गरगर फिरवायची. वातीतलं पाणी उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं, म्हणून ओला बल्ब थंड होतो. हवा जितकी कोरडी तितकं पाणी जास्त उडतं, दोन आकड्यांतला फरक तितका मोठा. थांबल्याबरोबर आधी ओला बल्ब वाचायचा, कारण तो लगेच वर चढायला लागतो. वात मळकी किंवा सुकत आलेली असली की वेट बल्ब खऱ्यापेक्षा जास्त दिसतो आणि हवा आहे त्याहून दमट वाटते. म्हणून मी नवी वात चढवली, तीनदा फिरवलं आणि दोनदा सारखाच आकडा आल्यावर लिहून घेतला. ड्राय बल्ब २०, वेट बल्ब १८.

मग सायक्रोमेट्रिक चार्ट टेबलावर पसरला. समुद्रसपाटीचा चार्ट रत्नागिरीला चालतो. महाबळेश्वरला मात्र हवेचा दाब कमी, तिथे उंचीप्रमाणे वेगळा चार्ट घ्यावा लागतो. खालच्या कडेला ड्राय बल्बचे आकडे असतात. २० वरून पेन्सिल सरळ वर नेली. डावीकडच्या वळणदार कडेवरून उजवीकडे तिरक्या उतरणाऱ्या रेषा वेट बल्बच्या. त्यातली १८ ची रेषा जिथे छेदली, तिथे टिंब केलं. टिंब ८० आणि ९० टक्क्यांच्या वक्रांच्या मध्ये पडलं, साधारण ८३. म्हणजे भिंतीवरचं मीटर खोटं बोलत नव्हतं.

"आता हे बघा, डॉक्टर." त्या टिंबापासून पेन्सिल आडवी डावीकडे नेली, ती वळणदार कडेला टेकली. ती कड म्हणजे १०० टक्क्यांची रेषा, हवेत आणखी वाफ मावत नाही ती हद्द. टेकली तिथून खाली पाहिलं, १७ अंश. हा दवबिंदू, आम्ही ड्यू पॉइंट म्हणतो. या खोलीतली हवा १७ किंवा त्याहून थंड वस्तूला लागली की तिच्यावर पाणी सोडणार. ग्रिल १३ अंशांवर. थेंब पडणार नाहीत तर काय होईल?

त्याच आडव्या रेषेवर उजव्या टोकाला हवेतलं पाणी वाचता येतं. एक किलो कोरड्या हवेमागे १२.१ ग्रॅम. आता रेषा न सोडता पेन्सिल २४ अंशांपर्यंत सरकवली. आर्द्रता बरोबर ६५ टक्के. डॉक्टरांनी पेन्सिल हातात घेतली आणि दोनदा पुढे-मागे नेऊन पाहिली. "म्हणजे पाणी तेवढंच होतं? मी फक्त आकडा वाढवला?" हो. टक्केवारी सांगते की त्या तापमानाला मावेल त्याच्या किती भाग वाफ हवेत आहे. हवा थंड केली की मावण्याची जागाच आक्रसते, पाणी तेवढंच असलं तरी टक्के वाढतात. हवेत पाणी किती, हे दवबिंदू सांगतो. पाण्याचा माग काढताना मी या टक्केवारीवर, म्हणजे आरएचवर कधीच भिस्त ठेवत नाही.

पण खोलीत १२ ग्रॅम पाणी राहिलं कसं? एसी साडेपाच टनी, खोलीच्या मानाने मोठा. पंखा ताशी वीस वेळा खोलीची हवा फिरवत होता आणि त्यातला पाचवा हिस्सा बाहेरची ताजी हवा. ओटीत ते लागतंच, पंखा बंद करता येत नाही. मी व्हरांड्यात जाऊन सायक्रोमीटर फिरवला. ड्राय बल्ब २९, वेट बल्ब २७. चार्टवर दवबिंदू २६ च्या थोडा वर आणि पाणी किलोमागे जवळपास २२ ग्रॅम.

एसीला हुकूम होता फक्त तापमानाचा. खोली २० ला आली की कॉम्प्रेसर बंद. मी घड्याळ लावून बसलो तर तासातली जेमतेम पंचवीस मिनिटं तो चालला. बाकीची पस्तीस मिनिटं ती २२ ग्रॅमवाली हवा एरवी तिला थंड करणाऱ्या, पण आता गरम झालेल्या कॉइलमधून जशीच्या तशी आत येत होती, वर कॉइलच्या पातळ पत्र्यांवर अडकलेलं पाणी पुन्हा वाफ करून घेऊन येत होती. परत कॉम्प्रेसर लागला की ग्रिल थंड होऊन त्याच वाफेचे थेंब करायची. एसी कमी पडत होता म्हणून हे झालं नव्हतं. त्याची ताकद मोठी होती, म्हणून झालं होतं.

हे डोळ्यांनी दिसावं म्हणून संध्याकाळी रिकाम्या ओटीत थर्मोस्टॅट बाजूला काढला आणि कॉम्प्रेसर सलग चालवला. तासाभरात दवबिंदू ११ वर उतरला, थेंब पडायचे थांबले, ग्रिल नुसती ओलसर राहिली. पण खोली १६ अंशांवर आली आणि मीटर अजून ७२ टक्के दाखवत होतं. सिस्टर शाल घेऊन उभ्या राहिल्या. भूल दिलेल्या पेशंटला अशा गारठ्यात ठेवता येत नाही.

चार्टवर पुढची वाट दिसत होती. हवं होतं २१ अंश आणि ५५ टक्के. त्या टिंबापासून आडवं डावीकडे गेलं की दवबिंदू साडेअकरा निघतो. म्हणजे कॉइलमधून निघणारी हवा त्याहून खाली, १० अंशांपर्यंत न्यायलाच हवी. त्याखेरीज तेवढं पाणी निघत नाही, त्याला पळवाट नाही. पण ती १० अंशांची हवा तशीच आत सोडली तर मघासारखा गारठा. म्हणून कॉइलनंतर हीटर लावून ती १५ पर्यंत गरम करायची. चार्टवर हे गरम करणं म्हणजे आडवं उजवीकडे जाणं. पाणी तेवढंच राहतं, दवबिंदू जागचा हलत नाही, फक्त हवा कोमट होते. आणि ग्रिल १५ वर गेली की साडेअकराच्या हवेतलं पाणी तिच्यावर बसू शकत नाही.

"थंड करायचं आणि परत गरम करायचं? दोन्हीकडून वीज जाळायची?" डॉक्टरांचा प्रश्न रास्त होता. हिशेब मांडून दाखवला: ताशी वीस वेळा हवा फिरवायला त्या खोलीत मिनिटाला १,३०० घनफूट हवा लागते आणि ती पाच अंशांनी तापवायला जेमतेम चार किलोवॉट. पावसाळ्यात ते बिल येणारच, हे मी लपवलं नाही. ताजी हवा कमी करणं हा स्वस्त उपाय होता, पण ओटीत तो मी सुचवणार नव्हतो.

तिसऱ्या दिवशी हीटर डक्टमध्ये बसला. कॉम्प्रेसर आर्द्रतेच्या कंट्रोलला जोडला, हीटर तापमानाच्या. हवा वाहत नसेल तर हीटर लागूच नये म्हणून एअरफ्लो स्विच, वर जादा तापल्यास तोडणारा कटआउट. या दोन गोष्टींशिवाय मी डक्टमध्ये हीटर चालू करत नाही. कॉइलवर बर्फ धरतोय का, हे तासभर टॉर्च घेऊन पाहिलं. फिल्टर तुंबून हवा कमी झाली तर तो धोका उरतोच, म्हणून फिल्टरच्या तारखा सिस्टरांकडे लिहून दिल्या.

रात्री साडेनऊला ओटी रिकामी असताना पुन्हा सायक्रोमीटर फिरवला. ड्राय बल्ब २१, वेट बल्ब साडेपंधरा. डॉक्टरांनी चार्ट स्वतःकडे ओढला, टिंब केलं, पेन्सिल डावीकडे नेली. "१२. आणि आरएच ५६." मी शिडीवर चढून ग्रिलवरून कोरडा कापूस फिरवला, तो कोरडाच राहिला.

बाहेर मामांनी ड्रेन पाइपखाली बादली लावली होती. त्यांना मी सांगितलं होतं की बाहेरच्या हवेबरोबर तासाला साधारण सात लिटर पाणी आत येतंय. साडेदहाला त्यांनी लिटरच्या मापाने बादली रिकामी केली. सहा मापं भरली आणि सातवं अर्ध्याच्या वर आलं. "एवढं पाणी त्या खोलीत होतं, साहेब?" ते म्हणाले आणि बादली परत पाइपखाली ठेवली.