हॉलमधल्या राउटरपासून मागच्या खोलीपर्यंत लॅन केबल: माझा अनुभव आणि पॅसेजमधला तो वाद

मागच्या खोलीत वायफाय पोचत नव्हतं, एक्स्टेंडर लावून बघितला तर मीटिंगमध्ये आवाज तुटायचाच, म्हणून ठरवलं की सरळ केबल टाकायची. केबल विकत घेणं, राउटरकडचं टोक जोडणं वगैरे पटापट झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. खरा वेळ आणि डोकं खाल्लं ते पॅसेजने, आणि वायरिंग करायला आलेल्या दादांनी.

आधी लांबीचं सांगून टाकतो, कारण सगळे उगाच तिथेच घाबरतात. तांब्याच्या इथरनेट केबलची हद्द 100 मीटर आहे, त्यात भिंतीतली पक्की केबल 90 मीटरपर्यंत आणि दोन्ही टोकांच्या छोट्या पॅच कॉर्ड मिळून 10. घरात एवढं अंतर जवळपास कुणाला लागत नाही. माझं असं झालं: टीव्हीच्या मागून वर 2 मीटर, हॉलची भिंत 5.5, पॅसेज 7, मागच्या खोलीत 4 आणि मग टेबलापर्यंत खाली 2, म्हणजे साडेवीस. दोन्ही टोकांना दीड-दीड मीटर जास्तीची धरून साडेतेवीस. मी 30 मीटर घेतली, कॅट 6. टेपने नुसतं हवेतलं अंतर मोजू नका हां, दोरी घेऊन ज्या कोपऱ्यांतून केबल जाणार तिथूनच ती फिरवा आणि मग दोरी मोजा.

तर पॅसेज. एका भिंतीला वरच्या कोपऱ्यातून एसीच्या वायरचा उघडा पाइप गेलाय आणि त्याच भिंतीला खाली फ्रिज आणि वॉशिंग मशीनची सॉकेटं. दादा आले, वर बघितलं आणि म्हणाले, "पाइपात जागा आहे की, यातूनच ओढून देतो, वेगळी पट्टी कशाला लावायची, भिंत खराब दिसेल." मी म्हटलं नको. ते म्हणाले सगळीकडे असंच करतात, काही होत नाही. मी म्हटलं तरी नको. मग त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांना पाइप खायला सांगितलाय.

माझं म्हणणं काय होतं ते नीट लिहितो, कारण नेटवर फक्त "इंटरफिअरन्स येतो" एवढंच सापडतं आणि ते कारण खरं तर दुसऱ्या नंबरचं आहे. केबलमधल्या जोड्या पिळलेल्या असतात आणि दोन्ही टोकांच्या पोर्टमध्ये बारीकसे ट्रान्सफॉर्मर असतात, त्यामुळे बाहेरून येणारा बराचसा गोंधळ तिथेच मरतो. पहिलं कारण आहे सुरक्षेचं. लॅन केबलचं आवरण मेन्सचं व्होल्टेज अडवण्यासाठी बनवलेलं नसतं, आणि भरलेल्या पाइपातून स्प्रिंग लावून केबल ओढताना ती जुन्या वायरवर घासत जाते. एखाद्या वळणावर वायर सोलली गेली तर आपल्याला बाहेरून दिसणार नाही, आणि तोच करंट थेट राउटरच्या किंवा लॅपटॉपच्या पोर्टपर्यंत येऊ शकतो. त्यात एसीची लाइन म्हणजे जास्त लोडची, गरम होणारी. एवढं सगळं मी पॅसेजमध्ये उभं राहून सांगितलं आणि दादा शांतपणे म्हणाले, "मग तुम्हीच सांगा कुठून न्यायची." हा प्रश्न मात्र बरोबर होता.

खालून स्कर्टिंगजवळून न्यायची तर सॉकेटच्या वायरी तिथेच, सगळी केबल त्यांच्या शेजारून समांतर धावली असती. समांतर जायचंच असेल तर मध्ये निदान 15-20 सेंटीमीटर ठेवावं. आडवं ओलांडायचं असेल तर काटकोनात ओलांडा, मग जवळ आलं तरी चालतं, कारण दोन्ही एकमेकांशेजारून काही सेंटीमीटरच धावतात.

शेवटी समोरची भिंत पकडली. तिथे बाथरूम आणि बेडरूमचे दरवाजे आहेत, शेजारी लाइटचे स्विचबोर्ड. बोर्डातून पाइप सहसा सरळ वर छताकडे जातो, म्हणजे दरवाज्यांच्या चौकटीच्या वरून आडवी पट्टी नेली तर ती त्या वायरींना काटकोनातच ओलांडते आणि एसीचा पाइप राहतो पॅसेजच्या पलीकडच्या बाजूला, जवळपास मीटरभर लांब. एवढं साधं होतं, पण ते दिसेपर्यंत आमचं चांगलंच वाजलं. दादांनी एक अडचण काढली, आणि ती खरी होती: दाराच्या वर लिंटेल असतो आणि छताजवळ बीम, ते काँक्रीट, तिथे ड्रिल करायचं नाही. म्हणून दोन्हींच्या मधली विटांची जागा शोधून मागच्या खोलीत जाणारं भोक तिथे पाडलं, 10 मिलीमीटरचं. ड्रिल करण्याआधी मेन बंद केला, लपलेल्या वायरी शोधणारं यंत्र आधी फिरवलं, पण ते खोलातली वायर चुकवू शकतं म्हणून त्याच्या भरवशावर राहिलो नाही.

भोक 10 मिलीमीटरचं का, तर केबल साधारण 6 मिलीमीटर जाड असते पण तयार प्लग बराच मोठा. मोठं भोक पाडून प्लगसकट केबल घुसवण्यापेक्षा नुसती केबल घाला आणि आत भिंतीवरच्या जॅकला पंच करा, म्हणजे तिच्या तारा जॅकच्या खाचांत दाबून बसवा. कोपऱ्यात केबल दुमडू नका, गोलाई निदान जाडीच्या चौपट, म्हणजे अडीच सेंटीमीटर तरी ठेवा. रिळातून केबल सोडताना रीळ फिरवून सोडा, वेटोळी ओढलीत की पीळ बसतो आणि मग ती पट्टीत नीट बसतच नाही.

जॅकवर रंग छापलेले असतात, ए आणि बी असे दोन प्रकार, दोन्ही टोकांना एकच निवडा. मी बी घेतला. जोडीचा पीळ उलगडायचा तो सव्वा सेंटीमीटरच्या आतच.

आणि पट्टीचं झाकण लावायच्या आधी टेस्ट करा, नंतर नाही! नुसता लाइट लागला म्हणून खुश होऊ नका, स्पीड बघा. लिनक्सवर हे (इंटरफेसचं नाव तुमचं घाला):

```
ethtool enp3s0 | grep Speed
```

माझ्याकडे `Speed: 1000Mb/s` आलं. दोन्हीकडची उपकरणं गिगाबिटची असूनही 100 दिसलं तर समजा चारपैकी एखादी जोडी जॅकमध्ये नीट बसलेली नाही, कारण 100 ला दोनच जोड्या पुरतात आणि गिगाबिटला चारही लागतात. अशा वेळी केबल बदलत बसू नका, आधी दोन्ही जॅक परत पंच करा.

हो, आणि घेताना "सॉलिड कॉपर" लिहिलंय का ते बघा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल मिळते, ती वाकवली की तुटते आणि तिचा रेझिस्टन्सही जास्त. टोक सोलून तार चाकूने खरवडा, आत पांढरी निघाली तर परत करा.