निळ्या झाकणाची अर्धी भरलेली ट्यूब आणि आत्याचा एपीटीटी : माझा अनुभव

माझी आत्या पेडण्याला राहते. पित्ताशयातील खड्यांमुळे तिची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करायचे ठरले होते आणि चवथीपूर्वी ती उरकावी, अशी घरातील सगळ्यांची इच्छा होती. शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्यांसाठी एका खासगी प्रयोगशाळेचा माणूस घरी येऊन रक्त घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी आलेल्या रिपोर्टमध्ये बाकी सर्व आकडे व्यवस्थित होते. फक्त रक्त गोठायला किती सेकंद लागतात हे पाहणाऱ्या दोन चाचण्यांपैकी एपीटीटी 46 सेकंद आला होता, ज्याची त्या प्रयोगशाळेची सामान्य मर्यादा 26 ते 36 सेकंद होती, आणि पीटी किंचित लांबून 15.2 सेकंदांवर गेला होता. शल्यविशारदांनी शस्त्रक्रिया थांबवली आणि रक्तविकारतज्ज्ञांकडे जाण्यास सांगितले. आत्याचा मला फोन आला, “बाय, माझं रक्त पातळ झालंय म्हणतात. आता काय करायचं गो?”

मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम करते आणि रक्त गोठण्याच्या चाचण्यांचे यंत्र बराच काळ माझ्याकडेच आहे. त्यामुळे रिपोर्ट पाहताना मी आधी आत्याचा विचार केला आणि मग ट्यूबचा. तिला रक्त पातळ करणारे कोणतेही औषध चालू नव्हते. दोन बाळंतपणे आणि दोन दाढा काढण्याचे प्रसंग तिने जादा रक्तस्राव न होता पार पाडले होते. यकृताच्या चाचण्या निर्दोष होत्या आणि प्लेटलेटही पुरेशा होत्या. अशा बाईचा एपीटीटी एकाएकी 10 सेकंदांनी मर्यादेबाहेर जाणे अशक्य नाही, पण असे दिसले की रोग शोधण्याआधी नमुना कसा घेतला होता हे विचारावे, असे मी मानते.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी ट्यूबच्या रंगांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. झाकणाचा रंग म्हणजे आत काय घातले आहे याची खूण असते. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये ईडीटीए असते, ते रक्तातील कॅल्शियम घट्ट धरून ठेवते आणि त्यामुळे पेशी मोजण्यासाठी रक्त पातळ राहते. हिरव्या झाकणात हेपरिन असते. राखाडी झाकणात फ्लोराइड असते, जे पेशींना साखर खाऊ देत नाही, आणि त्याच्या जोडीला गोठणे रोखणारे ऑक्झॅलेट. लाल किंवा पिवळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये उलट रक्त गोठू देऊन वरचा सिरम वापरला जातो. फिकट निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये 3.2 टक्के तीव्रतेचे सोडियम सायट्रेट असते आणि इतर ट्यूबपेक्षा तिचा स्वभाव वेगळा आहे, कारण तिच्यात औषध पूड किंवा थर म्हणून नसून मोजून घातलेले द्रव असते. 2.7 मिलिलिटर रक्त घेणाऱ्या ट्यूबमध्ये 0.3 मिलिलिटर सायट्रेट असते, म्हणजे नऊ भाग रक्त आणि एक भाग सायट्रेट. हे प्रमाण चाचणीचाच एक भाग आहे.

सायट्रेटही ईडीटीएप्रमाणे कॅल्शियमच धरते, पण त्याची पकड सैल असते, आणि गोठण्याच्या चाचणीला नेमके हेच हवे असते. नमुना प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत तो गोठता कामा नये, आणि यंत्रात गेल्यावर मात्र आपण सांगू त्या क्षणी गोठला पाहिजे. एपीटीटी करताना सेंट्रिफ्यूजमध्ये पेशी खाली बसवून काढलेला वरचा द्रव, म्हणजे प्लाझ्मा, 37 अंश सेल्सिअसला तापवून त्यात संपर्क-सक्रियक आणि फॉस्फोलिपिड असलेले रसायन घालतात, ठराविक मिनिटे थांबतात आणि मग कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण घालून घड्याळ चालू करतात. त्या कॅल्शियमचे प्रमाण ठरलेले असते. ट्यूब व्यवस्थित भरली आहे, असे गृहीत धरूनच ते ठरवलेले असते. यंत्राला ट्यूबमधील सायट्रेट जास्त आहे की कमी हे कळत नाही; ते तेवढेच कॅल्शियम घालते.

आता आत्याच्या ट्यूबचा हिशेब पाहा. मी त्या प्रयोगशाळेला फोन करून नमुना टाकू नका, अशी विनंती केली आणि म्हापशाला जाऊन ट्यूब स्वतः पाहिली. लेबलवरील भरण्याच्या रेषेपासून पातळी स्पष्टपणे खाली होती. सायट्रेट वजा जाता रक्त फार तर दीड मिलिलिटर असावे. आत्याचे हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील लाल पेशींचा वाटा, 40 टक्के होते; म्हणून तिच्या रक्ताचा 60 टक्के भाग प्लाझ्मा. पूर्ण भरलेल्या ट्यूबमध्ये 2.7 मिलिलिटर रक्तातून 1.62 मिलिलिटर प्लाझ्मा येतो आणि त्यात 0.3 मिलिलिटर सायट्रेट मिसळते, तेव्हा द्रवात सायट्रेटचा वाटा साधारण 16 टक्के होतो. दीड मिलिलिटर रक्तातून मात्र फक्त 0.9 मिलिलिटर प्लाझ्मा येतो, सायट्रेट तेवढेच राहते आणि त्याचा वाटा 25 टक्क्यांवर जातो. पेशींमध्ये सायट्रेट शिरत नाही, ते सगळे प्लाझ्मातच राहते, म्हणून हिशेब पूर्ण रक्ताचा न करता प्लाझ्माचा करावा लागतो.

यातून दोन गोष्टी होतात. पहिली म्हणजे गोठण्याचे घटक 84 ऐवजी 75 टक्क्यांपर्यंत पातळ होतात. हा परिणाम किरकोळ आहे. दुसरी आणि खरी गोष्ट म्हणजे जादा सायट्रेट यंत्राने घातलेले कॅल्शियम पकडून ठेवते, गोठण्याच्या साखळीला हवे तेवढे मोकळे कॅल्शियम मिळत नाही आणि गुठळी उशिरा दिसते. म्हणजे रुग्णाच्या शरीरात काहीही बिघडलेले नसताना वेळ लांबते. पीटीपेक्षा एपीटीटीवर हा परिणाम सहसा अधिक दिसतो, आणि आत्याच्या रिपोर्टमध्ये तसेच दिसत होते : पीटी थोडाच लांबलेला, एपीटीटी जास्त.

ट्यूब अर्धी का राहिली, हे जाणून घ्यायला मला आत्याकडूनच मदत झाली. तिच्या हाताची शीर बारीक असल्याने रक्त घेणाऱ्याने बटरफ्लाय सुई वापरली होती आणि नियमाप्रमाणे निळी ट्यूब सर्वांत आधी लावली होती. क्रम बरोबर होता. जांभळ्या ट्यूबमधील ईडीटीए किंवा लाल ट्यूबमधील गोठवणारा पदार्थ निळ्या ट्यूबमध्ये चुकूनही जाऊ नये म्हणून ती त्यांच्या आधी घेतात. पण बटरफ्लायच्या लांब नळीत हवा असते आणि लावलेल्या पहिल्या ट्यूबची निर्वात पोकळी आधी ती हवाच ओढते. तेवढे रक्त कमी येते. म्हणून बटरफ्लायने निळी ट्यूब पहिली घ्यायची असेल तर आधी एक जादा निळी किंवा काहीही न घातलेली साधी ट्यूब लावून नळी रक्ताने भरून घेतात, ती ट्यूब टाकून देतात आणि मगच खरी ट्यूब लावतात. आत्याच्या आठवणीप्रमाणे अशी कोणतीही जादा ट्यूब नव्हती. शिवाय शीर मध्येच दबली आणि रक्ताचा प्रवाह थांबण्याआधीच ट्यूब काढली गेली. दोन्ही कारणांची बेरीज दीड मिलिलिटर.

प्रयोगशाळेतील प्रमुखांनी माझे म्हणणे शांतपणे ऐकले, पण पहिली सूचना अशी केली की आपण मिश्रण चाचणी करू. रुग्णाचा प्लाझ्मा आणि निरोगी प्लाझ्मा समसमान मिसळून एपीटीटी पुन्हा पाहतात : वेळ सामान्य झाली तर एखादा घटक कमी असल्याचा संशय, नाही झाली तर रक्तात गोठणे अडवणारा रोधक असल्याचा संशय. मी ती करू नये असा आग्रह धरला आणि त्याचे कारण इथे मुद्दाम सांगते. कमी भरलेल्या ट्यूबमधील प्लाझ्मा योग्य प्रमाणाच्या प्लाझ्मात मिसळला की जादा सायट्रेटचाही वाटा कमी होतो, वेळ सामान्याकडे सरकते आणि कागदावर ‘घटकाची कमतरता’ असे चित्र उभे राहते. मग आठवा, नववा, अकरावा असे एकेक घटक मोजण्याचा खर्च आणि त्याहून मोठी काळजी घरच्यांच्या माथी येते. खराब नमुन्यावर केलेली पुढची तपासणी पहिल्या चुकीला पुरावा देत जाते, म्हणून नमुना पहिल्यांदा बदलावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्याच रुग्णालयात आत्याचे रक्त पुन्हा घेतले. कोपराजवळची जरा मोठी शीर निवडली, हाताला बांधलेला पट्टा शीर लागताच सैल केला, आधी एक टाकाऊ निळी ट्यूब लावली आणि मग खरी ट्यूब रक्ताचा प्रवाह आपोआप थांबेपर्यंत लावून ठेवली. पातळी रेषेवर आली. ट्यूब जोराने न हलवता चार वेळा हळुवार उलटीसुलटी केली, कारण जोराने हलवल्यास पेशी फुटू शकतात आणि गोठण्याची प्रक्रियाही सुरू होऊ शकते. नमुना फ्रिजमध्ये न ठेवता खोलीच्या तापमानाला ठेवला आणि तासाभरात यंत्रावर लावला; एपीटीटीचा नमुना साधारण चार तासांच्या आत तपासावा, हा नियम आम्ही पाळतो. एपीटीटी 31 सेकंद आला आणि पीटी 13. शल्यविशारदांना मी दोन्ही रिपोर्ट आणि पहिल्या ट्यूबचा फोटो दाखवला, आणि त्यांनी शस्त्रक्रियेची तारीख पुन्हा दिली.

आमच्याकडे 90 टक्क्यांपेक्षा कमी भरलेली निळी ट्यूब स्वीकारत नाहीत. रुग्णाला पुन्हा सुई टोचावी लागते हे खरे, तरीही. पण पातळी पाहणे हाच एकमेव उपाय आहे असे समजू नये. हिमॅटोक्रिट 55 टक्क्यांच्या वर असलेल्या रुग्णात ट्यूब काठोकाठ भरलेली असूनही तोच घोटाळा होतो, कारण रक्तात प्लाझ्माच कमी असतो. 60 टक्के हिमॅटोक्रिट असेल तर 2.7 मिलिलिटर रक्तात प्लाझ्मा केवळ 1.08 मिलिलिटर असतो आणि 0.3 मिलिलिटर सायट्रेटचा वाटा 22 टक्क्यांजवळ जातो. अशा वेळी ट्यूबमधील सायट्रेट आधीच कमी करून घ्यावे लागते. या रुग्णासाठी ते 0.3 ऐवजी सुमारे 0.2 मिलिलिटर बसते.

आणि एक प्रकार असा आहे जो पातळीवरून मुळीच ओळखू येत नाही. रक्त पुरेसे मिळाले नाही म्हणून दोन अर्ध्या निळ्या ट्यूब एकात ओतणे. दिसायला ती ट्यूब रेषेपर्यंत भरलेली असते, पण तिच्यात सायट्रेटही दोन ट्यूबांचे, म्हणजे दुप्पट असते, आणि प्रमाण अर्ध्या ट्यूबइतकेच चुकलेले राहते. तसेच जांभळ्या ट्यूबमधील रक्त निळ्यात ओतल्यास ईडीटीए त्यात जाते, आणि ते कॅल्शियम सायट्रेटपेक्षा कितीतरी घट्ट धरते. लहान मुलांत किंवा शीर न मिळणाऱ्या वृद्धांत कमी रक्त मिळणार असे आधीच दिसत असेल, तर 2.7 ऐवजी 1.8 मिलिलिटरची निळी ट्यूब घ्यावी. तिच्यात सायट्रेट 0.2 मिलिलिटरच असते, त्यामुळे तेवढे रक्त मिळाले तरी प्रमाण जुळते. आत्याच्या पुढच्या तपासणीच्या कागदावर मी तेच लिहून दिले आहे : बारीक शीर, 1.8 ची निळी ट्यूब, आधी टाकाऊ ट्यूब.