दोरी बेंचला टेकली आणि फोन बंद

"फोन बंद पडला!" आज तिसरीच्या वर्गात कप-दोरीचा फोन खेळताना एकच ओरड. कागदी कप ठीक, आतली गाठही पक्की. 4 मीटर दोरी मात्र मधल्या बेंचच्या कडेला टेकलेली.

कारण लगेच सांगू नये. दोरी ताठ, कुठेही न टेकवता धरायला लावावी. एकाने कपात लांब "आऽऽ" म्हणायचं, दुसऱ्याने पलीकडच्या कपातून ऐकायचं, तिसऱ्याने दोरीला बोट अलगद टेकवायचं. बोटाला गुदगुल्या होतात! मग तीच दोरी चिमटीत घट्ट धरायची. आवाज जवळजवळ गायब. आवाजाची कंपनं बोटांतच जिरतात, पलीकडच्या कपाच्या तळापर्यंत पोचत नाहीत. बेंचच्या कडेनेही तेच केलं होतं.

वहीत दोनच प्रश्न पुरेत: बोटाला काय जाणवलं? चिमटीनंतर ऐकणाऱ्याला काय ऐकू आलं?

आणि दोरी सैल सोडली तर? आधी अंदाज लिहून घ्याल ना?