एका रीडिंगवरून आमचं झालेलं भांडण (माझा अनुभव)

फर्स्ट इयर बी.एस्सी.ला फिजिक्सचं प्रॅक्टिकल होतं, सिंपल पेंड्युलमवरून g काढायचा. सगळ्यात सोपं प्रॅक्टिकल म्हणून आम्ही दोघींनी हसत खेळत उरकलं आणि रविवारी रात्री हॉस्टेलवर फेअर जर्नल लिहायला बसलो, सोमवारी दुपारी सबमिशन. रीडिंग्स रफ पानावर होत्या, खाली सरांची सही. ६० सेंमी पासून ११० सेंमी पर्यंत दहा दहाच्या अंतराने सहा लांब्या (दोरा अधिक बॉबची त्रिज्या), प्रत्येक लांबीला २० ऑसिलेशन्सचा वेळ दोनदा घेतलेला. मी मोजायचे, पार्टनर स्टॉपवॉच धरायची.

कॅल्क्युलेशन करताना g आला ९८८. पुस्तकात ९८०, आणि आपल्याकडे तर त्याहून जरा कमीच असतो, मुंबईला ९७८.६ वगैरे. म्हणलं कुठेतरी गुणाकार चुकला असेल. परत केलं, परत ९८८.

मग एकेक ओळ वेगळी बघितली तर बाकी पाच ओळींचा L/T² २४.८ च्या आसपास आणि ९० सेंमीची ओळ एकटीच २६.१. त्या ओळीत दोन वेळा होत्या, ३८.१ सेकंद आणि ३६.२ सेकंद. लॅबमध्ये हे डोळ्यात कसं खुपलं नाही माहीत नाही, पण ८० सेंमीला ३५.९ होतं, म्हणजे ३६.२ पण त्याच्या वरच, आकडे वाढत चाललेत म्हणून कुणी लक्ष दिलं नसणार.

पार्टनर म्हणाली, "अगं उडव ना ते ३६.२, त्या जागी ३८.० लिही, कोण बघतंय." मी म्हणलं रफवर सरांची सही आहे. "मग ती ओळच गाळू, पाच लांब्या पण चालतात."

इथून सुरू झालं. मला वाटत होतं की रीडिंग आली म्हणजे आली, दोन्हींची सरासरी घ्यायची आणि येईल तो g लिहायचा. ती म्हणे अगं दिसतंय ना चुकीचं आहे, १०० सेंमीला ४०.२ आलंय, वेळ लांबीच्या वर्गमुळाने बदलतो, ०.९ चं वर्गमूळ ०.९४९, म्हणजे ९० ला ३८.१ च यायला पाहिजे. मी म्हणलं अगं पण तो नियमच तर आपण ग्राफ काढून दाखवणार आहोत, T² आणि L ची सरळ रेघ! त्याच नियमाने न बसणारा पॉइंट फेकायचा आणि मग म्हणायचं बघा सगळे पॉइंट रेघेवर, ह्याला काय अर्थ आहे. त्यावर ती गप्प झाली पण पटलं नव्हतं, तोंडावर दिसत होतं. आणि खरं सांगायचं तर तिचं पूर्ण चूक नव्हतं, कारण एक रीडिंग ढळढळीत बिघडलेली असताना ती सरासरीत घालून ९८८ लिहिणं हा काही प्रामाणिकपणा नाही, तो नुसता हट्ट. पण हे मला तेव्हा कुठे कळायला.

मग मी जरा खवचटपणे म्हणलं, तूच वॉच उशिरा चालू केलं असशील. ती चिडलीच. हॉस्टेलच्या खिडकीच्या गजाला दोऱ्याने कुलूप लटकवलं आणि म्हणाली बघ, मी किती उशीर करते ते मोज. चार पाच वेळा केलं. एकाच लांबीच्या रीडिंग्समध्ये फरक ०.१, फार तर ०.२ सेकंद. ३८.१ आणि ३६.२ मध्ये तर १.९ चा फरक, एवढा वेळ बटणावर बोट ठेवून कुणी झोपतं का.

आणि मग तिनेच वहीवर १.९ ला गोल केला. ९० सेंमीचा एका ऑसिलेशनचा वेळ किती? ३८.१ भागिले २०, १.९०५. फरक बरोब्बर एका झोक्याएवढा. म्हणजे वॉच बरोबर होतं, मोजणी चुकली होती. मोजत कोण होतं, मी.

पण मग एकाच ठिकाणी कशी चुकली? आमची पद्धत अशी होती की बॉब स्टँडमागच्या पिनसमोरून, म्हणजे मधल्या जागेवरून जाताना (तिथे वेग जास्त म्हणून वेळ नेमका पकडता येतो) मी "तीन, दोन, एक, शून्य" म्हणायचे आणि शून्याला ती वॉच दाबायची. रफ पान परत बघितलं. सरांची निळी सही पानाच्या तळाशी नव्हतीच, ती नेमकी ९० च्या ओळीला चिकटून होती, शेवटच्या दोन लांब्या सहीच्या खाली. तेव्हा आठवलं, सर सही करायला आले, दुसरी रीडिंग अर्धवट राहिली, ते गेल्यावर मी उलटी मोजणी न करता झोका पिनसमोर आला तशी घाईघाईत सरळ "एक" म्हणून सुरू केलं आणि तिने त्या एकला वॉच दाबलं. एकपासून सुरू केलं की वीस म्हणेपर्यंत झोके एकोणीसच होतात.

मी लगेच ३६.२ ला १९ ने भागलं. १.९०५! जसाच्या तसा. म्हणलं झालं काम, १९ ऑसिलेशन्स लिहू आणि रीडिंग वाचवू. आता पार्टनर उलटी फिरली. "अगं मगाशी मला शिकवत होतीस ना, नियमाने रीडिंग फेकायची नाही, मग नियमाने दुरुस्त तरी कशी करतेस? १९ झाले हे तुला आठवतंय का, की उत्तर जुळतंय म्हणून आठवतंय?" ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला "एक" म्हणल्याचं आठवत होतं, पण ते गणित जुळल्यानंतर आठवलं होतं ना.

शेवटी सोमवारी सकाळी साडेनऊला लॅब असिस्टंट काकांच्या मागे लागलो. "एकच रीडिंग घ्यायची काका, दहा मिनिटं." सेटअप मोडलेला होता, परत ९० सेंमी लावताना एखादा मिलिमीटर इकडे तिकडे होणार, पण त्याने २० ऑसिलेशन्सच्या वेळात ०.०२ सेकंदाचा फरक पडतो, आमचं वॉच ०.१ च्या खाली बघतच नाही. ह्यावेळी मोजायला ती, वॉच मी. ३८.१, ३८.२, ३८.०.

जर्नलमध्ये ३६.२ तसंच ठेवलं, वरून पेनने एकच आडवी रेघ, आकडा वाचता येईल अशी. खाली लिहिलं की मोजणी १ पासून सुरू झाल्याची शंका, फरक एका ऑसिलेशनएवढा, म्हणून ही लांबी वेगळ्या दिवशी परत घेतली, नवीन तीन रीडिंग्स सोबत. g आला ९७९. जुनी रीडिंग धरली तर ९८८ येतो, तेही लिहिलं, ह्यावर पार्टनर शेवटपर्यंत कुरकुरत होती की एवढी स्वतःची लाज कोण काढतं.

सरांनी रेघ मारलेल्या आकड्यावर बोट ठेवलं, खालची ओळ वाचली, आणि विचारलं "मोजत कोण होतं?" मी हात वर केला. दहापैकी नऊ दिले. एक कशाचा कापला म्हणून विचारलं तर म्हणाले, ग्राफवर स्केल लिहिलेली नाही.