साखळी ते पंढरपूर पायी: तिथीच्या आत पोहोचण्यासाठी किती वेगाने चालावे

गोव्यातल्या साखळीच्या विठ्ठलापुरातून निघून केरी, चोर्ला घाट, कणकुंबी, जांबोटी, बेळगाव, संकेश्वर, चिकोडी, मिरज, कवठे महांकाळ आणि सांगोला या वाटेने पंढरपूर साधारण 335 किलोमीटर पडते. मुक्कामाची जागा रस्त्यापासून किती आत आहे त्यावर त्यात पाच-दहा किलोमीटरची कमी-जास्त होते. आषाढीसाठी या वाटेने जाऊन आल्यावर पुढच्या वर्षी निघू इच्छिणाऱ्यांकडून सर्वात जास्त विचारला गेलेला प्रश्न वेगाचा होता, म्हणून हा वृत्तांत मुख्यतः त्याच अंगाने लिहिला आहे.

आधी दिवसांचा हिशोब. ज्येष्ठ वद्य त्रयोदशीला निघून आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोहोचायचे, तर बोटांवर 13 तिथी मोजल्या जातात. परंतु मधल्या एखाद्या तिथीचा क्षय असला की हातात 12 दिवसच उरतात, आणि पंचांग नीट न पाहता आखलेले मुक्काम येथेच कोलमडतात. म्हणून मुक्काम तारखांवर बसवावेत आणि 12 दिवसांच्या बेतानेच चालावे. तेरावा दिवस मिळाला तर तो राखीव समजावा. माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते आणि सुमारे अडीचशे किलोमीटर चालून दशमीला पंढरीत येते. तिची रोजची सरासरी आपल्या सरासरीच्या जवळपास निम्मी भरते. त्यामुळे पालखीसोबत चाललेल्या मंडळींचा अनुभव कितीही मोठा असला, तरी गोव्याहून निघणाऱ्या दिंडीच्या वेगासाठी तो थेट उपयोगी पडत नाही.

335 ला 12 ने भागले की रोजचे 28 किलोमीटर येतात आणि बरेच जण कागदावर तेवढेच लिहून निघतात. ही सरासरी फसवी आहे, कारण पहिले दोन दिवस ती निघतच नाही. विठ्ठलापुरातील पूजा, आरती आणि निरोपानंतर दिंडी हलते तेव्हा दुपार टळलेली असते, आणि केरीपर्यंतचे दहा किलोमीटर झाले की थांबणेच शहाणपणाचे ठरते, कारण घाट पहाटेच चढायला घ्यावा लागतो. दुसऱ्या दिवशी अंजुणे धरणाच्या बाजूने चढाला लागून कणकुंबीपर्यंत साधारण 25 किलोमीटर होतात आणि त्यात सुमारे सातशे मीटरचा चढ असतो. डोंगरवाटांसाठी नाईस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये दिलेला ठोकताळा असा की सपाटीचा वेग ताशी 5 किलोमीटर धरावा आणि दर सहाशे मीटर चढाला एक तास जास्त द्यावा. त्या हिशोबाने हे 25 किलोमीटर केवळ चालण्याचेच सहा तासांहून जास्त घेतात, म्हणजे सपाटीवरच्या 31 किलोमीटरइतका वेळ जातो. आषाढाच्या तोंडावर चोर्ल्याला पाऊस आणि धुके यांची कमतरता नसते. त्या दिवशी वेग वाढवण्याचा प्रयत्न कोणी करू नये. दोन दिवसांत 35 किलोमीटर झाले, असे मानून उरलेले 300 किलोमीटर 10 दिवसांत, म्हणजे रोज 30, असा हिशोब कणकुंबीच्या माउली देवळात बसून नव्याने मांडावा. खरा आकडा 28 नसून 30 आहे, हे दिंडीतल्या प्रत्येकाला त्या रात्री माहीत असणे बरे.

आता 30 किलोमीटरला किती वेळ मिळतो ते पाहावे. सकाळी 5 ते साडेदहा आणि दुपारी साडेतीन ते सव्वासहा, असे दोन टप्पे धरले तर सव्वाआठ तास होतात. त्यातून चहा, न्याहारी आणि विसावे यांचा सव्वा तास वजा केला की प्रत्यक्ष चालण्याचे 7 तास उरतात. 30 किलोमीटरसाठी ताशी सव्वाचार किलोमीटर पुरे, असे यावरून वाटेल. आम्ही मात्र ताशी 5 चा वेग ठरवला होता, आणि मागे वळून पाहता तोच योग्य होता असे माझे ठाम मत झाले आहे. 5 च्या वेगाने 30 किलोमीटर 6 तासांत होतात आणि एक तास शिल्लक राहतो. लवकर पोहोचण्याची हौस म्हणून हा झपाट्याचा वेग धरायचा नसतो. त्यातून सुटणारा हा एक तासच दिंडीला तारतो.

हा तास कसा नाहीसा होतो ते जांबोटीच्या अलीकडे एका चहाच्या थांब्यावर स्पष्ट दिसले. दहा मिनिटांसाठी थांबलेली चाळीस माणसे एकाच वेळी उठत नाहीत. कोणी रेनकोट घडी करत असतो, कोणी बुटाची लेस सोडून बसलेला असतो, तर दोघे-तिघे दुकानाच्या मागे गेलेले असतात. दहाची बावीस मिनिटे झाली. दिवसात असे पाच थांबे असतील आणि प्रत्येकी बारा मिनिटे वाढली, तर शिल्लक ठेवलेला तास तिथेच संपतो. त्याच दिवशी पहाटे निघायला पाऊण तास उशीर झाला असेल, तर उरलेल्या सव्वापाच तासांत 30 किलोमीटर काटण्यासाठी ताशी पावणेसहाचा वेग लागतो. तरुण माणूस एकट्याने तो तासभर ठेवील. साठीच्या पुढची माणसे, टाळ-मृदंग आणि डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बायका असलेल्या दिंडीला तो शक्य नाही. आमच्या विणेकरी काकांनी त्यावर एकच नियम घातला: "माउली, चहा उभ्यानेच घ्यायचा, बसायचे ते जेवायला." या एका नियमाने जितका वेळ वाचला तितका पाय उचलून वाचला नसता.

ताशी 5 चा वेग ओळखायला मोबाइलची गरज नाही, आणि भर पावसात तो बाहेर काढताही येत नाही. रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड आणि मनगटावरचे घड्याळ पुरते: एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत 12 मिनिटे लागली की वेग बरोबर आहे, 15 लागली तर तो 4 वर आला आहे. पाऊल साधारण सत्तर सेंटिमीटरचे असले तर या वेगाला मिनिटाला 120 च्या आसपास पावले पडतात. टाळकऱ्यांनी ठेका त्या गतीला बांधला की दिंडी आपोआप त्यावर येते; संथ चालीचे अभंग विसाव्यासाठी राखून ठेवावेत. दुसरी खूण श्वासाची: अभंगाचे चरण पूर्ण म्हणता येत असेल तर ठीक, चरणाच्या मध्येच दम घ्यावा लागत असेल तर ती चाल त्या माणसाला झेपणारी नाही. अशा माणसांना पताकेच्या लगेच मागे, पुढच्या बाजूला ठेवावे. ती शेपटीला राहिली की अंतर पडते, ते भरून काढण्यासाठी त्यांना अर्धवट धावावे लागते, आणि पुढच्यांच्या विसाव्याला ती पोहोचतात तेव्हा पुढचे निघालेले असतात. म्हणजे ज्यांना विश्रांती सर्वात गरजेची, त्यांनाच ती मिळत नाही.

अंधारात चालून तूट भरून काढण्याचा मोह सर्वात धोक्याचा आहे. 31 ऑक्टोबर 2022 रोजी कार्तिकीला पायी निघालेल्या कोल्हापूर जिल्ह्यातील दिंडीत सांगोल्याजवळ जुनोनी येथे संध्याकाळी भरधाव मोटार घुसली आणि सात वारकरी दगावले. जुनोनी याच वाटेवर, मिरज-सांगोला महामार्गावर आहे. त्यामुळे सव्वासहाला थांबायचे म्हणजे थांबायचे, मुक्काम तीन किलोमीटर पुढे असला तरी. ते तीन किलोमीटर सामानाच्या टेंपोतून दोन खेपांत जावे आणि नियमच पाळायचा असेल तर पहाटे त्याच जागी परत येऊन चालायला लागावे. पहाटेचा पहिला अर्धा तासही अंधाराचाच असतो, तेव्हा पुढे आणि मागे चमकणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट घातलेला एकेक माणूस हवा. बेळगाव ते संकेश्वर हा भाग राष्ट्रीय महामार्गाचा आहे. तिथे सर्व्हिस रोड सोडू नये, थोडा वळसा पडला तरी.

वेगाची किंमत पाय मोजतात, आणि या वाटेवर ती दोन निरनिराळ्या रीतींनी मोजावी लागते. साखळीपासून बेळगावपर्यंत मोजे सतत ओले असतात, कातडी पांढरी होऊन सुरकुतते आणि झपाझप चालण्याच्या घर्षणाने टाचेला व अंगठ्याच्या बाजूला फोड येतात. सकाळच्या मोठ्या विसाव्याला मोजे बदलणे, निघण्यापूर्वी बोटांच्या बेचक्यांत पेट्रोलियम जेली चोळणे आणि रात्री पाय पूर्ण कोरडे करून झोपणे, एवढ्याने पुष्कळ भागते. पुढे मिरज सोडून कवठे महांकाळकडे वळले की पर्जन्यछायेचा मुलूख लागतो. आभाळ उघडे, डांबर तापलेले आणि सावली तुरळक. तिथे साडेदहाच्या ऐवजी दहालाच थांबावे आणि तो अर्धा तास संध्याकाळी न घेता पहाटे साडेचारला निघून भरून काढावा. पाण्यात थोडे कोकमाचे आगळ आणि मीठ घालून घेतलेली बाटली या टप्प्यात आम्हा गोवेकरांना फार उपयोगी पडली.

नडगीच्या दुखण्याकडे मात्र वेगळे लक्ष द्यावे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी नडगीच्या पुढच्या बाजूला लांबवर ठणका लागला तर तो बहुधा सवयीपेक्षा जास्त वेगाने चालल्याचा असतो, आणि ताशी 4 वर येऊन पावले आखूड टाकली की एक-दोन दिवसांत ओसरतो. अंगठ्याने दाबल्यावर हाडावर एकाच ठिकाणी तीव्र दुखत असेल आणि रात्री निजल्यावरही थांबत नसेल, तर हाडाला बारीक चीर गेल्याची शंका धरावी. त्या माणसाने पुढे चालू नये; मिरजेत डॉक्टरांना दाखवून उरलेली वाट टेंपोतून करावी.

शेवटच्या टप्प्यात वेगाचे गणित संपते. सांगोल्याहून पंढरपूर 32 किलोमीटर आहे, ते एका दिवसात बसेल असे कागदावर दिसते. पण शहराच्या जवळ आल्यावर चारी दिशांच्या दिंड्या एकत्र होतात आणि शेवटच्या पाच-सहा किलोमीटरला ताशी दोनचा वेगही मिळत नाही. म्हणून नवमीला सांगोल्याच्या पुढे वीस-बावीस किलोमीटर जाऊन राहावे आणि उरलेले दशमीच्या सकाळी करावे. त्यासाठी तिसऱ्या दिवसापासून रोज 30 च्या जागी 32 किलोमीटर धरावे लागतात. पदस्पर्श दर्शनाची रांग बऱ्याच तासांची असते. द्वादशीला गोव्याकडे परतण्याची गाडी ठरलेली असेल, तर मुखदर्शन घेण्याचा निर्णय दिंडीने निघण्यापूर्वीच करून ठेवावा.